लॉगिन केलं तरी जग का दिसत नाही: माइनक्राफ्ट, मोबाइल आणि कॉम्प्युटर

«मोबाइल आणि कॉम्प्युटरवर एकाच मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करा, सगळा गेम आपोआप येतो. मोबाइलवर घेतला असेल तर कॉम्प्युटरवर वेगळे पैसे लागत नाहीत. मित्राकडे कुठलंही माइनक्राफ्ट असू दे, जोडला जातोच.»

असा सल्ला सर्रास मिळतो, पण तो पुरता खरा नाही. आधी «सगळा गेम» बघू. खात्यासोबत गेमरटॅग, मित्रांची यादी, अचीव्हमेंट्स आणि मार्केटप्लेसवरची खरेदी येते. तुम्ही बांधलेलं जग येत नाही, कारण ते मोबाइलच्याच स्टोरेजमध्ये साठवलेलं असतं. त्यामुळे सिडकोतल्या घरी मोबाइलवर उभारलेला वाडा कॉलेज रोडला मावशीच्या कॉम्प्युटरवर दिसणार नाही. इथवर काहीच हरवलेलं नसतं. पण यादी रिकामी बघून घाबरून मोबाइलवरचं ॲप काढून पुन्हा टाकलं, तर ॲपच्या स्टोरेजमधलं जग खरोखरच पुसलं जातं.

जग न्यायचं असेल तर आधी दोन्हीकडचा गेम अपडेट करा, कारण नव्या आवृत्तीत उघडलेलं जग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मग मोबाइलवर त्या जगाशेजारच्या पेन्सिलीवर टॅप करा आणि Export World निवडा. `.mcworld` शेवट असलेली फाइल तयार होईल. ती ड्राइव्हवर चढवा, कॉम्प्युटरवर उतरवा आणि डबल-क्लिक करा. वाडा, पेट्या आणि तुमच्या खिशातलं सामान, सगळं येईल. फक्त ही प्रत आहे हे विसरू नका. संध्याकाळी मोबाइलवर विहीर खणली आणि रात्री कॉम्प्युटरवर तटबंदी बांधली, तर दोन वेगळी जगं झाली. ती जोडून देणारी सोय गेममध्ये नाही. रोज ये-जा असेल तर Realms घ्या. त्यात जग सर्व्हरवर राहतं, पण दरमहा पैसे लागतात.

पैशांचं थोडक्यात: प्ले स्टोअरवरची खरेदी अँड्रॉइडपुरतीच. कॉम्प्युटरचा गेम वेगळा विकत घ्यावा लागतो. 2022 पासून त्यात जावा आणि बेडरॉक हे गेमचे दोन्ही प्रकार एकत्र मिळतात.

आणि मित्राचा घोळ बहुतेक वेळा इथेच असतो. मोबाइलवर बेडरॉक चालतो. मित्रानं लाँचरमध्ये Java Edition उघडलं असेल तर एकाच सोफ्यावर बसूनही भेट होणार नाही, कारण दोन्हींची भाषाच वेगळी आहे. जावाचं जगही मोबाइलवर थेट उघडत नाही. मित्राला Bedrock उघडायला सांगा आणि दोघांच्या आवृत्तीचा आकडा जुळवून पाहा.

एवढं करूनही एकाच वाय-फायवर त्याचं जग दिसत नसेल, तर जगाच्या मल्टिप्लेअर सेटिंगमध्ये Visible to LAN Players चालू आहे का बघा. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून पाहा. तिथे दिसलं, तर दोष आधीच्या वाय-फायचा: हॉस्टेलच्या राउटरमध्ये बऱ्याचदा एका उपकरणाला दुसरं दिसू न देण्याची सोय चालू ठेवलेली असते. तिथेही दिसलं नाही, तर कॉम्प्युटरच्या फायरवॉलमध्ये माइनक्राफ्टला परवानगी दिली आहे का तपासा.