मान दाबून कळतं ते, आणि एमआरआयमध्ये दिसतं ते

प्रतिक्रिया: “डॉक्टर, मान दाबून नस ओळखायचे दिवस गेले. माझ्या मेहुण्याची मान अशीच मागे वाकवून दाबली, तो किंचाळला. एमआरआयमध्ये दोन गाद्या सरकलेल्या स्वच्छ दिसतायत, तरी ‘सहा आठवडे थांबा’ म्हणतात. दोन्हींचं ऑपरेशन एकदाच करून मोकळं का होऊ नये? – एक वाचक, विटा”

किंचाळेपर्यंत दाबायची ही टेस्टच नाही. अमेरिकेतले न्यूरोसर्जन स्पर्लिंग आणि स्कोव्हिल यांनी १९४४ साली ती मांडली. मान मागे आणि दुखऱ्या बाजूला झुकली की नस ज्या भोकातून बाहेर पडते ते आणखी अरुंद होतं, एवढंच तिचं तत्त्व. म्हणून आधी नुसती मान झुकवायची, थांबायचं आणि विचारायचं. तेवढ्यानेच कळ हातात उतरली तर टेस्ट तिथेच संपली, डोक्यावर हात ठेवायचं कारणच उरत नाही. नाही उतरली, तरच तळहाताने वरून हलका दाब. कळ मानेतच राहिली तर टेस्ट पॉझिटिव्ह धरत नाहीत. पॉझिटिव्ह आली तर नस मानेत दबल्याचा तो चांगला पुरावा असतो, पण निगेटिव्ह आली म्हणून नस मोकळी आहे असं म्हणता येत नाही. अपघातानंतर किंवा मज्जारज्जूवर दाब असल्याचा संशय असेल तर ही टेस्ट करायचीच नाही.

मात्र कुठली नस दबली आहे, हे ती सांगत नाही. ते बोटं, स्नायू आणि रिफ्लेक्स, म्हणजे हातोडीच्या टकटकीने स्नायूला बसणारा झटका, सांगतात.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार एमआरआयची पिशवी घेऊनच आले होते. विरळणीचे दिवस, मांडवाखाली दिवसभर मान वर. आमच्या जिल्ह्यात ही टेस्ट बागच करून घेते म्हणा ना! उजव्या फऱ्यापासून दंडाच्या मागच्या बाजूने कळ उतरायची आणि मधलं बोट बधिर. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटायचं. रिपोर्टमध्ये ठळकपणे लिहिलेलं होतं ते पाचव्या-सहाव्या मणक्यामधल्या गादीबद्दल, आणि ती फुगली होती मध्ये आणि थोडी डावीकडे. सहाव्या-सातव्यामधल्या गादीचा उजवीकडचा लहानसा फुगवटा एका ओळीत आटोपला होता.

अंगठा बधिर, बायसेप्सचा रिफ्लेक्स मंद आणि मनगट वर उचलताना ताकद कमी असेल, तर संशय सहाव्या नसेवर. यांचा अंगठा ठीक होता. पण वाकवलेला कोपर मी धरून ठेवला आणि सरळ करायला सांगितलं, तर डाव्या हाताच्या मानाने उजवा सहज हार मानायचा. ट्रायसेप्सचा, म्हणजे दंडामागच्या स्नायूचा, रिफ्लेक्सही जवळपास नव्हता. मधलं बोट, ट्रायसेप्स, त्याचा रिफ्लेक्स: तिन्ही सातव्या नसेचे. मानेत मणके सात आणि नसा आठ. सातवी नस सहाव्या-सातव्यामधून बाहेर पडते. म्हणजे दोषी होती ती एका ओळीत आटोपलेली गादी. रिपोर्टमधलं ठळक वाक्य बघून ऑपरेशन केलं असतं, तर ते चुकीच्या जागी झालं असतं.

आता मशीनबद्दल. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १२११ लोकांच्या मानेचा एमआरआय काढला, तर ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. त्यामुळे दोन गाद्या ‘स्वच्छ दिसतात’ एवढ्यावरून मी काहीच ठरवणार नाही. तपासणीत सापडलेली नस आणि फोटोतली गादी एकाच बाजूची, एकाच पातळीची निघाली, तरच त्या फोटोला अर्थ. दोन्ही गाद्यांचं एकदम ऑपरेशन म्हणजे बहुतेक वेळा मानेचे दोन सांधे जोडून टाकणं. त्यातला एक निर्दोष असला तर हकनाक गेला.

थांबायचं ते अशासाठी, की बहुतेकांची कळ काही आठवड्यांत ओसरते आणि पुष्कळदा सरकलेला तुकडा शरीर स्वतःच शोषून घेतं. आमच्या बागायतदारांनी विरळणी मजुरांवर सोपवली, औषधं घेतली, आणि दर आठवड्याला मी त्यांच्या कोपराची ताकद तपासत राहिलो. कळ आधी गेली, ताकद दोन-अडीच महिन्यांनी भरली. बोटाचा बधिरपणा थोडा राहिला.

ताकद घटत गेली असती, तर मात्र सहा आठवडे मीही थांबलो नसतो. कोपर सरळ करून हात वर उचलता येईनासा झाला, तर सर्जनकडे लगेच. आणि शर्टाची बटणं लावता येईनात, पाय ताठर वाटू लागले, चालताना तोल जाऊ लागला, तर प्रश्न नसेचा राहत नाही, मज्जारज्जूचा होतो. तिथे वाट बघणं धोक्याचं. यातलं काही नाही, पण सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही कळ झोपू देत नाही आणि तपासणी-फोटो जुळतात, अशांनाही ऑपरेशनचा चांगला फायदा होतो.

मेहुण्यांचं कुठलं बोट बधिर आहे आणि कोपराची किंवा मनगटाची ताकद कमी आहे का, हे तुमच्या प्रतिक्रियेत नाही. ते त्यांच्या केसपेपरवर लिहिलेलं आहे का बघा. नसेल, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तेवढी तपासणी करून घ्या.