पदनाम बदलून मागा, पण होकार अडवू नका

ऑफर लेटर आलं की आपण आधी सीटीसी बघतो. कळव्याच्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीने मात्र पदाची ओळही नीट वाचली. ऐरोलीतल्या एका कंपनीची ऑफर. जेडीत, म्हणजे कामाच्या वर्णनात, अकरा जणांची टीम, शिफ्टचं रोस्टर, टीमचं अप्रेझल, क्लायंटचे कॉल. आणि पत्रात पद 'सीनियर एक्झिक्युटिव्ह'. पत्र गुरुवारी आलं, मुदत सोमवार संध्याकाळपर्यंत. "मावशी, पद बदलेपर्यंत ॲक्सेप्ट करतच नाही," म्हणाली.

मी स्वतः महापेला एचआरमध्ये आहे, आणि माझं मत याच्या उलट आहे. पद बदलणं रिक्रूटरच्या हातात नसतं. बहुतेक मोठ्या कंपन्यांत प्रत्येक पद एखाद्या ग्रेडला बांधलेलं असतं. त्याच ग्रेडमधलं दुसरं पद मागितलं तर मॅनेजरच्या होकारावर सुधारित पत्र निघू शकतं. ग्रेड बदलायची म्हटली की पगाराची मंजुरी पुन्हा वरपर्यंत जाते, आणि मुदत तिच्यासाठी थांबत नाही.

म्हणून तिला आधी त्याच कंपनीत हेच काम करणारे लोक लिंक्डइनवर शोधायला लावले. ते 'टीम लीड – ऑपरेशन्स' होते. 'मॅनेजर' मागायचा तिचा विचार तिथेच बारगळला, ते बरंच झालं.

शुक्रवारी तिने रिक्रूटरला फोन केला, मग पोर्टलवर ॲक्सेप्ट करून मेल टाकला. मजकूर साधारण असा: 'ऑफर मला मान्य आहे, रुजू होण्याची तारीखही. एक वेगळी विनंती आहे. जेडीतल्या जबाबदाऱ्या पाहता पदनाम टीम लीड – ऑपरेशन्स करता येईल का? ग्रेड आणि पगारात बदल नको. नियुक्तीपत्रात ही दुरुस्ती झाली तरी चालेल.'

'पद बदलल्यास मान्य' असं मात्र लिहायचं नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 प्रमाणे स्वीकृती बिनशर्त असावी लागते. अट घातली की तो होकार राहत नाही, तुमचा उलट प्रस्ताव होतो, आणि कंपनीला हात झटकायला वाट मिळते. अर्थात बिनशर्त होकारानंतर तुमचा जोर कमी होतो, हेही खरं. त्या पदाशिवाय जायचंच नसेल, तर ते होकाराआधीच सांगा.

सोमवारी उत्तर आलं: सिस्टिममध्ये पद तेच राहील, मेलच्या सहीत आणि व्हिजिटिंग कार्डवर 'टीम लीड' लिहा. ऐकायला छान! पण पुढच्या नोकरीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला कार्ड कोण बघतो? तिथे रिलिव्हिंग लेटर बघतात, आणि त्यावर सहसा सिस्टिममधलं पद छापून येतं. म्हणून तिने एवढंच विचारलं, "रिलिव्हिंग लेटरवर कोणतं पद येईल?" रिक्रूटरने ते मॅनेजरपर्यंत नेलं. ग्रेड एकच असल्याने तो तयार झाला, आणि नियुक्तीपत्रात 'टीम लीड' येईल असं मेलवर लेखी मिळालं. तिची जुन्या कंपनीतली नोटीस अजून चालू आहे. रुजू व्हायच्या दिवशी सही करण्याआधी ती ओळ पुन्हा वाच, असं तिला सांगून ठेवलंय.