मूळ नक्षत्र आणि बापाचा जीव

“बाळ मूळ नक्षत्रावर जन्मलं म्हणजे बापाच्या जिवाला धोका. 27 दिवसांत मोठी शांत करा, तोवर बापाने बाळाचं तोंडही पाहू नये,” असं अनेक घरांत सांगितलं जातं.

‘मूळ नक्षत्रावर’ म्हणजे नक्की कुठे, हे आधी विचारायला हवं. ही भीती एकट्या मूळची नाही; जन्माला दोषाची मानलेली नक्षत्रं म्हणजे गंडमूळ, आणि त्यात अश्विनी, आश्लेषा, मघा, ज्येष्ठा, मूळ आणि रेवती अशी सहा नक्षत्रं धरतात. 27 पैकी 6, म्हणजे नऊ बाळांमागे साधारण दोन. इतक्या घरांत बाप संकटात आला असता, तर प्रसूतिगृहाबाहेर वेगळीच रांग दिसली असती.

परंपरेतही सरसकट भीती नाही. मूळच्या चार चरणांची फलं वेगवेगळी सांगितली आहेत: पहिला वडिलांना, दुसरा आईला, तिसरा धनाला त्रासदायक आणि चौथा शुभ. आश्लेषात हाच क्रम उलटा, तिथे पहिला चरण शुभ. समजा, पंचांगात मूळ सोमवारी सकाळी 6:10 ला लागतं आणि मंगळवारी सकाळी 6:34 ला संपतं. एकूण 24 तास 24 मिनिटं, म्हणजे एक चरण 6 तास 6 मिनिटांचा. मग चौथा चरण सोमवारी मध्यरात्रीनंतर 12:28 ला सुरू होतो. बाळ पहाटे 3:15 चं असेल, तर ज्या शास्त्राच्या नावाने घाबरवतात तेच त्याला शुभ म्हणतं. वेळ न विचारता ‘मूळ आहे, शांत लागेल’ म्हणणाऱ्याने हा हिशेबच केलेला नसतो.

सगळ्यात कडक मानलं जातं ते अभुक्त मूळ, म्हणजे ज्येष्ठाचा शेवट आणि मूळची सुरुवात. ते किती घटिकांचं, यावर नारद, वसिष्ठ आणि बृहस्पती यांची मतंही जुळत नाहीत. घटिका म्हणजे 24 मिनिटं. सांगितलेला काळ एक ते चार घटिकांत फिरतो. मोठ्यांचंच एकमत नसताना फोनवर ‘पक्का दोष’ कुठून येतो?

शांतीचं म्हणाल, तर तेच नक्षत्र साधारण 27 दिवसांनी फिरून येतं, म्हणून तो दिवस धरतात. घरच्यांच्या मनाला बरं वाटत असेल, तर साधा विधी करावा. मात्र कर्ज काढून करायची शांत, ‘आज नाही तर उशीर होईल’ अशी घाई आणि वर महागडं रत्न, ही दुकानदारी आहे.

तोंड न पाहण्याची प्रथा जुन्या ग्रंथांत आहे, हे खरं. पण अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत असताना, सही करायला, दूध पोचवायला, डॉक्टरांशी बोलायला बाप लागतो. तिथे त्याला घरी बसवणारा सल्ला मी तरी ऐकणार नाही. चंद्र कोणत्या चरणात होता यावरून बापाचं आयुष्य ठरतं, याला पुरावा नाही. बाळाचा ताप मात्र थर्मामीटरवर दिसतो.