खुलासा: नकोशा फॉलोअरसाठी खाते डिलीट करण्याची गरज नाही

‘कोणी आपल्या पोस्टवर नजर ठेवत असेल, तर इन्स्टाग्राम खातेच डिलीट करावे, फॉलोअर काढला तर त्याला लगेच कळते.’

हे खरे नाही. आपल्या फॉलोअर यादीत त्या नावासमोरचे ‘Remove’ दाबल्यास समोरच्याला कोणतीही सूचना जात नाही. मात्र खाते सार्वजनिक असेल, तर ती व्यक्ती पोस्ट पाहू शकते आणि पुन्हा फॉलोही करू शकते. म्हणून आधी खाते खासगी करावे, मग नाव काढावे, म्हणजे तिला नव्याने विनंती पाठवावी लागेल आणि ती स्वीकारायची की नाही हे आपल्या हाती राहील. ओळखीच्या सहकाऱ्याशी उघड वैर नको असेल, तर एवढे बहुधा पुरते.

त्रास थांबत नसेल, तर ब्लॉक करावे. त्याचीही सूचना जात नाही, परंतु आपले खाते दिसेनासे झाल्यावर समोरच्याला अंदाज येतोच. ब्लॉक केल्यावर त्या व्यक्तीचे लाइक आणि कॉमेंट आपल्या पोस्टवरून निघून जातात व पुढे ब्लॉक काढला तरी परत येत नाहीत. ब्लॉक करतानाच तिची इतर खातीही रोखण्याचा पर्याय दिसतो, तो निवडावा. तरीही तिने काढून ठेवलेले स्क्रीनशॉट मात्र तिच्याकडेच राहतात, आणि आपले खाते डिलीट करूनही ते पुसले जात नाहीत.