च्यवनप्राशचा चमचा एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा

गेल्या डिसेंबरात बाबांची उपाशीपोटीची साखर एकदम 160 च्या पुढे जायला लागली. गोळ्या त्याच, सकाळचं फिरणं तेच, चहा बिनसाखरेचा. आम्ही जेवणातला भात मोजत बसलो होतो. मग एका रात्री मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर बाबा पोहे खायच्या चमच्याने, चांगली शीग लावून, च्यवनप्राश काढत होते. सकाळी उठल्यावर एक चमचा आणि झोपताना एक. "अगं, औषध आहे ते," म्हणाले. साखरेच्या हिशेबात तो डबा त्यांनी कधी धरलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर आम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोच चमचा तशाच शिगेसकट वजनकाट्यावर ठेवला. चमच्याचं वजन वजा करून 21 ग्रॅम भरले. म्हणजे दिवसाला 42 ग्रॅम. डब्याच्या मागे पोषणमूल्यांचा तक्ता होता, त्यात 100 ग्रॅमला 62 ग्रॅम साखर लिहिलेली. हिशेब केला तर 26 ग्रॅम साखर रोज, म्हणजे चहाचे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटना निरोगी मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर (मध, गूळ धरून) दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगलं, असं सांगते. मधुमेह असलेले बाबा तेवढी साखर एका 'औषधातून' घेत होते, वर तिळाची वडी वेगळीच. त्याच डब्यावर मात्रा छापली होती ती '1 चमचा दोन वेळा', आणि खाली बारीक अक्षरात '1 चमचा = 10 ग्रॅम'. आमचा चमचा त्याच्या दुप्पट होता.

यात कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. साखर ही च्यवनप्राशमधली भेसळ नाही, ती मूळ कृतीतच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या पहिल्याच भागात ही कृती दिली आहे. बेल, टेटू, शिवण, पाडळ, रिंगणी, गोखरू वगैरे दशमूळ, त्याशिवाय गुळवेल, हिरडा, पुनर्नवा, नागरमोथा, काकडशिंगी, भुईआवळी अशा वनस्पती प्रत्येकी एक पल घ्यायच्या. त्यांच्या काढ्यात 500 आवळे शिजवायचे, बिया काढून गर तूप-तेलात परतायचा आणि मग अर्धी तुळा, म्हणजे 50 पल, मत्स्यंडिका घालून पाक करायचा. मत्स्यंडिका ही उसाचीच जुन्या पद्धतीची साखर. थंड झाल्यावर मध, वंशलोचन, पिंपळी आणि दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर. एक पल आज 48 ग्रॅमचा धरतात. म्हणजे 500 आवळ्यांना साधारण 2.4 किलो साखर. भागाकार करा: एका आवळ्यामागे जवळजवळ एक चहाचा चमचा साखर, मध सोडून. (यातल्या मेदा, जीवक, काकोली अशा अष्टवर्गातल्या वनस्पती सहसा मिळत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी शतावरी, विदारीकंद, अश्वगंधा घालायची परवानगी जुन्या ग्रंथांनीच दिली आहे. त्यामुळे डब्यावर ही नावं दिसली तर दचकू नका.)

ही साखर तिथे गोडीपुरती नाही. च्यवनप्राश हा अवलेह, म्हणजे पाकात केलेलं चाटून घ्यायचं औषध आहे, आणि पाकच त्याला टिकवतो. माझ्या आत्याने एकदा घरी करताना "आपल्याकडे सगळ्यांना शुगर आहे" म्हणून साखर निम्मी केली. चव छान आली होती. तीन आठवड्यांत बरणीत वरून पांढरी बुरशी धरली. पाक नीट झाला की थेंब पाण्यात टाकल्यावर पसरत नाही, तळाला बसतो, आणि बोटाने दाबला तर बोटाचा ठसा उमटतो. साखर कमी केली की तो पाक होतच नाही, ओलावा राहतो. म्हणून घरी कमी साखरेचा केला तर थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

मग घ्यायचा किती? चरकाने ग्रॅममध्ये आकडा दिलेला नाही. त्याने दिलेलं माप मला कुठल्याही चमच्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं: जेवणाच्या आड येणार नाही एवढीच मात्रा घ्या. च्यवनप्राश खाऊन तासाभराने पोट जड वाटत असेल, नाश्त्याची इच्छा होत नसेल, तर मात्रा जास्त झाली. निरोगी मोठ्या माणसाला चहाचा एक चमचा, साधारण 10 ग्रॅम, दिवसातून एकदा पुरे असं माझं मत आहे. फार तर दोनदा. एका चमच्यात 6 ग्रॅमच्या आसपास साखर जाते, मग सोबतच्या दुधात वेगळी साखर नको.

मधुमेह असलेल्यांना माझं सांगणं थोडं कडक आहे. साधा च्यवनप्राश रोज घ्यायची गरज नाही. ज्या आवळ्यासाठी तो घ्यायचा, तो आवळा थंडीत बाजारात ताजा मिळतो. 'शुगर फ्री' डबा आणला तरी तो उलटा करून वाचा. काहींत साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असतं. माल्टिटॉलने रक्तातली साखर वाढते, फक्त साखरेइतकी नाही, आणि दोन्ही जास्त झालं की पोट फुगतं, जुलाब होतात. काही डब्यांवर 'साखर नाही' म्हणून आत गूळ, मध किंवा खजूर असतो. शरीराला ती साखरच. म्हणून 'साखर' या एका ओळीवर थांबू नका, एकूण कर्बोदकांची ओळ बघा. काही डब्यांवर तक्ताच नसतो, कारण ते औषधाच्या परवान्यावर विकले जातात. तिथे साखरेपुढे नुसतं 'क्यू.एस.' म्हणजे 'लागेल तेवढी' लिहिलेलं असतं. असा डबा मधुमेहींसाठी मी तरी घेणार नाही. घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, आणि सुरू करण्याआधीचे व नंतरचे ग्लुकोमीटरचे आकडे लिहून ठेवा.

मुलांच्या बाबतीत पहिली गोष्ट, एक वर्षाच्या आत च्यवनप्राश चाटवूसुद्धा नका. त्यात मध असतो, आणि मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याला मी सपाट अर्धा चमचा देते, 5 ग्रॅम, त्यात 3 ग्रॅम साखर. त्याच्या वयाला दिवसाची साखर 15-16 ग्रॅमच्या आसपास थांबावी, आणि दोन क्रीमची बिस्किटं त्यातला मोठा वाटा खातात. आजीच्या प्रेमाचा शिगेचा मोठा चमचा दिला तर 12-13 ग्रॅम एका घासात संपले. शिवाय तो दाताला चिकटून बसतो. रात्री दात घासून झाल्यावर दुधासोबत देण्याची आमच्याकडची पद्धत मी बंद केली. आता सकाळी देते आणि वर चूळ भरायला लावते.

बाबांनी च्यवनप्राश बंद केला, तिळाची वडीही अर्ध्यावर आणली. तीन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर 130 च्या घरात आली. वडीही कमी झाली होती, त्यामुळे सगळं श्रेय एका डब्याला देत नाही. पण "औषध आहे ते" हे वाक्य आता घरात कुणी म्हणत नाही. बाबा रोज एक आवळा चिरून मीठ लावून खातात, आणि डब्यात मी औषधाच्या बाटलीसोबत येणारा 5 मिलीचा प्लॅस्टिकचा चमचा टाकून ठेवलाय. पोह्याचा चमचा डब्यात घालायला घरात सगळ्यांनाच बंदी आहे.