‘इन्स्पायर्ड बाय’ लिहिलं म्हणून सुटका होत नाही

“परफ्यूम विकणाऱ्या ताईंनो, ‘फर्स्ट कॉपी’ किंवा ‘इन्स्पायर्ड बाय’ लिहा आणि ब्रँडचं नाव बिनधास्त टाका. आपण गिऱ्हाइकाला फसवत नाही, मग केस कसली? फारच भीती वाटली तर नावातलं एक अक्षर बदला. वासावर कुणाची मालकी नसते!”

हा मेसेज आमच्या वहिनीच्या बचत गटाच्या ग्रुपवर फिरतोय आणि बायका त्याप्रमाणे पोस्ट टाकायला लागल्यात. तेव्हा स्पष्टच लिहितो.

शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण त्यात थोडं तथ्य आहे. एखाद्या नामांकित परफ्यूमसारखा वास तयार करून तो स्वतःच्या नावाने विकणं हा गुन्हा नाही. पण वास मोकळा असला म्हणून नावही मोकळं होत नाही, आणि मेसेज इथेच घसरतो.

‘फसवत नाही, मग केस कसली’ हे तर सगळ्यात घातक. नेमक्या याच प्रश्नावर युरोपीय न्यायालयाने 2009 मध्ये लॉरिआल विरुद्ध बेल्यूर या खटल्यात निकाल दिलाय. बेल्यूर या कंपनीचा माल लॉरिआलच्या ट्रेझोरसारख्या महागड्या परफ्यूमच्या वासाचा असायचा. विक्रेत्यांकडे तुलनेच्या याद्या असायच्या: आपली अमुक बाटली म्हणजे त्या तमुक परफ्यूमचा वास. स्वस्त बाटली हीच मूळ, असं कुणाला वाटत नव्हतं. तरीही कोर्ट म्हणालं की अशी यादी स्वतःच्या मालाला नक्कल म्हणून पुढे करते आणि दुसऱ्याने कमावलेल्या नावाचा गैरफायदा घेते. गिऱ्हाइकाच्या मनात घोटाळा झालाच पाहिजे, अशी अटच नाही.

तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, हे खरं. पण आपल्या ट्रेड मार्क्स कायद्याचं, म्हणजे 1999 च्या कायद्याचं, कलम 29(8) वाचा. जाहिरातीत दुसऱ्याचा मार्क वापरून गैरफायदा घेतला आणि तो व्यापारातल्या प्रामाणिक रीतीला सोडून असला, तर तो भंगच. तुमची इन्स्टाग्राम पोस्ट ही जाहिरातच असते.

‘फर्स्ट कॉपी’ त्याहून वाईट. बाटलीवर ब्रँडचा खोटा लोगो असेल तर बनवणाऱ्याला कलम 103 आणि विकणाऱ्याला कलम 104 लागतं: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. ‘मी बनवलं नाही, घाऊक बाजारातून आणलं’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला कायदा एक वाट ठेवतो: पुरेशी काळजी घेतली होती, संशय यायला कारण नव्हतं आणि माल कुणाकडून आणला ते सांगितलं, हे त्याला सिद्ध करावं लागतं. पोस्टवर स्वतःच्या हाताने ‘फर्स्ट कॉपी’ लिहिलंत की ती वाट तुम्हीच बंद केलीत.

एक अक्षर बदलण्याचं थोडक्यात. कोर्ट दोन्ही नावं शेजारी ठेवून अक्षरं मोजत नाही, गिऱ्हाइकाच्या अर्धवट आठवणीत ती कशी ऐकू येतात ते बघतं. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ हीसुद्धा घोटाळा करण्याइतकी सारखी ठरवली होती.

नाव घेता येतं अशी एक जागा आहे, तीही सांगतो: मोबाइलचं कव्हर कोणत्या मॉडेलला बसतं हे सांगण्यापुरतं, लोगो न छापता. परफ्यूम कशातच बसवायचं नसतं, त्यामुळे ही सवलत इथे चालत नाही.

मग लिहायचं काय? समजा पोस्ट अशी आहे: “अमुक ब्रँड इन्स्पायर्ड, सेम टू सेम, 50 मिली”. त्याऐवजी स्वतःचं नाव द्या आणि वास शब्दांत सांगा: “गुलाबी सांज, 50 मिली, ओ द परफ्यूम. लावताच पीचचा गोडवा, दहा-पंधरा मिनिटांनी गुलाब, शेवटी कपड्यावर व्हॅनिला आणि चंदन.” वास किती तास टिकतो ते स्वतः लावून बघितल्याशिवाय लिहू नका. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि किंमत हवी. ‘सेम’, ‘ओरिजिनलसारखं’, ‘डुप्लिकेट’ हे शब्द काढा.

मजकूर सुधारूनही नाव मागे उरतं ते हॅशटॅगमध्ये, कॅटलॉगच्या सर्च शब्दांत आणि शेजारी मूळ बाटली ठेवून काढलेल्या फोटोत. बाटलीचा आकार आणि खोक्याचा रंगही तपासा. नाव वेगळं पण खोकं तेच, असा माल ‘पासिंग ऑफ’च्या, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याच्या, दाव्यात सापडतो.

आणि गिऱ्हाइकाने मेसेजमध्ये विचारलं, “ताई, हे त्या ब्रँडसारखंच आहे का?” तर ‘हो’ लिहू नका, त्याचा स्क्रीनशॉट निघतो. लिहा: “हे आमचं स्वतःचं परफ्यूम आहे, कुठल्याही दुसऱ्या कंपनीशी संबंध नाही. पीच, गुलाब, चंदन आवडत असेल तर 2 मिलीचं सँपल पाठवते.”