पावडर प्लांट कोणत्या दिवसांसाठी?

वाचकाची प्रतिक्रिया:
"सर, लेख वाचला. दर मुंबईत ठरतो, पाऊस वरचा ठरवतो, पावडरचा भाव जगात ठरतो. मग संघाच्या हातात राहतं काय? दहा वर्षांच्या चार गोष्टी रंगवून सल्लागाराची फी निघते, वैरणीचा खर्च निघत नाही. आमच्या संघाला पुढच्या दहा दिवसांचं कळत नाही. माझ्या बारा गायी आहेत, उगाच बोलत नाही."

राम राम दादा. आधी माझी चूक कबूल करतो. मागच्या लेखात दूध संघापुढे येत्या दहा वर्षांत कसे दिवस येऊ शकतात हे बघायला मी चार शक्यतांचा चौकोन आखला होता, आणि त्याची एक बाजू 'हवामान चांगलं की वाईट' अशी धरली होती. तुमचं वाचल्यावर तो पुन्हा काढून बघितला आणि पटलं की आखणीच फसली होती. ऊन वाढणार यात अनिश्चित काही नाही, ते चारही गोष्टींत धरूनच चालायचं. आणि नुसता उन्हाळाच बघून भागत नाही. गायीला किती जड जातंय हे तापमान आणि दमटपणा एकत्र करून काढलेल्या निर्देशांकावरून कळतं, आणि तो ७२ च्या पुढे गेला की जास्त दुधाच्या संकरित गायीला त्रास सुरू होतो. ३८ अंश आणि ३५ टक्के आर्द्रता असलेल्या एप्रिलच्या दुपारी तो ८५ येतो. पावसाळ्यात ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेलाही ८२ येतो. म्हणजे जुलैत तुमची एचएफ गाय धापा टाकते आणि गाभण न राहता उलटते, ते उगाच नाही. पंख्याचा खर्च हा आता वादाचा विषयच नाही.

खरं अनिश्चित आहे ते दोन ठिकाणी: पावडरचा भाव आणि वैरण-खाद्याचा खर्च. दोन्ही महाग किंवा स्वस्त होऊ शकतात, म्हणून चार तऱ्हेचे दिवस. तुमच्या-माझ्यासारख्या भागातला, रोज एक लाख लिटर गाईचं दूध घेणारा संघ धरा. त्याच्यापुढे रोज पन्नास हजार लिटरच्या पावडर प्लांटसाठी कर्ज काढायचा ठराव आहे. ही चार चौकोनांची कसरत दहा वर्षांचं भविष्य सांगायला नाही, हा एक ठराव तपासायला आहे.

३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या शंभर लिटर दुधातून घट धरून साधारण ८.८ किलो स्किम पावडर आणि सव्वाचार किलोच्या आसपास लोणी निघतं. म्हणजे पावडर किलोमागे शंभर रुपयांनी उतरली की दुधाच्या लिटरमागे जवळजवळ नऊ रुपये गेले. हे काल्पनिक नाही. तीनशेच्या वर गेलेली पावडर २०२४ पर्यंत दोनशेच्या आसपास आली होती. वरच्या संघाचं निम्मं दूध पावडरला जात असेल तर हा फटका रोजचा चार लाख चाळीस हजारांचा.

आता वैरण. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ नंतरचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला आणि राज्यात चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्याच डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं. इथेनॉलची कारखानदारी मक्याकडे वळली आणि मका चढला, तोच मका जो तुमच्या खाद्याच्या पोत्यात असतो. गंमत अशी की त्याच इथेनॉल प्लांटमधून निघणारा धान्याचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, सरकी पेंडेला स्वस्त पर्याय म्हणून बाजारात आला. धोरण एकच, पण खाद्य एकीकडून महाग आणि दुसरीकडून स्वस्त. डीडीजीएसला बुरशी असेल तर मात्र तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं, आणि तिथे मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम एवढीच आहे. स्वस्त पोत्याने टँकर परत आला तर ते पोतं स्वस्त राहत नाही.

दुष्काळात दूध कमी, म्हणून भाव वर, असं आपण धरतो. २०२३-२४ ने ते खोटं पाडलं. वैरण महागली ती आपल्या पावसाने, पावडर पडली ती देशभरच्या साठ्याने. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, म्हणूनच दोन्ही एकदम अंगावर आलं.

आता तो प्लांट चारही दिवसांत उभा करून बघा. पावडर महाग आणि वैरण स्वस्त असेल तर हप्ता सहज निघतो, पण तेव्हा सगळ्यांचंच निघतं. पावडर महाग आणि वैरणही महाग असेल तर दूधच आटतं, प्लांट अर्धा रिकामा आणि हप्ता पूर्ण. दोन्ही स्वस्त असतील तर प्लांट कमवत नाही, पण 'दूध सुट्टी' जाहीर करून एखाद्या दिवशी संकलनच बंद ठेवायची वेळ टाळतो. पावडर स्वस्त आणि वैरण महाग, म्हणजे २०२३-२४, त्यात तो जितका जास्त चालेल तितका जास्त खड्डा. चारपैकी एकाच दिवसात कमावणारा आणि एकात फक्त लाज राखणारा हा प्लांट आहे. पूर्ण क्षमतेचं कर्ज मी तरी काढणार नाही. शेजारच्या संघाशी राखीव क्षमतेचा करार करावा. वापरली नाही तरी ठरलेली रक्कम द्यायची, पण दुधाच्या ऐन पुरात त्यांनी आपलं दूध आधी घ्यायचं, हे कागदावर हवं. नुसत्या ओळखीवरची जॉबवर्कची सोय पुराच्या दिवसांतच बंद होते.

तुम्ही म्हणता दर मुंबईत ठरतो. तोही तपासायचा. जुलै २०२३ मध्ये गाईच्या दुधाला लिटरला ३४ रुपये ठरले. जुलै २०२४ ला ३० अधिक ५ अनुदान, ऑक्टोबरात २८ अधिक ७. बेरीज पस्तीसच राहिली, पण तिच्यातला पाचवा हिस्सा सरकारचा झाला. असं अनुदान मिळालंच नाही तर, ही पाचवी गोष्ट रंगवायला कल्पना लागत नाही. कर्जाचं गणित २८ वरच मांडा.

आणि संघाच्या हातात काय, तर कृत्रिम रेतनाची नोंदवही. लिंगनिर्धारित रेतमात्रेने दहात नऊ कालवडी होतात, नेहमीच्या रेतनात निम्म्या. आज भरवलेली गाय नऊ महिन्यांनी विते, ती कालवड पुढे अडीच वर्षांनी दुधात येते. म्हणजे सव्वातीन वर्षांनंतरचं संकलन आज त्या वहीत लिहिलं जातंय. पावडर पडो की चढो, हे दूध येणार. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षं आणि लक्ष दिवाळीला वाटायच्या दरफरकावर, म्हणून ही वही कुणी सभेत आणत नाही. तुम्ही आणायला लावा. सोबत दोन आकडे मागा: पावडरचा साठा किती दिवसांच्या विक्रीएवढा आहे, आणि बाजार समितीत मक्याचा भाव काय. साठा ४५ दिवसांच्या वर आणि ऑगस्ट कोरडा, असं एकत्र दिसलं की २०२३-२४ पुन्हा दारात आलं असं मी समजतो.

तुमच्या बारा गायींपुरतं म्हणाल, तर चारही दिवसांत न बुडणारी गोष्ट मूरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद मुरवलेला हिरवा मका. गायीला रोज वीस किलो, चार महिने, म्हणजे बारा जणींना २९ टन. त्याला साधारण दोन एकर मका लागतो. तीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि सहा फूट खोल अशा एका खड्ड्यात तो मावेल, पण तसा करू नका. रोजचे २४० किलो काढताना त्या रुंद तोंडावरून जेमतेम चार बोटं थर निघतो, उन्हाळ्यात उरलेला गरम होऊन बुरशी धरतो, आणि मग पुन्हा तेच अफ्लाटॉक्सिन. पाच-पाच फूट रुंदीचे दोन खड्डे करा आणि एक संपल्यावरच दुसरा उघडा. मग रोज अर्धा फूट कापला जातो आणि तोंड ताजं राहतं.